पीपीटी गूगल स्लाइड्समध्ये नेली आणि मराठी बिघडली: फॉन्ट, ॲनिमेशन, व्हिडिओ कुठल्या क्रमानं तपासायचे

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या फाइलमध्ये दिसत असेल तर पुढचं वाचा.

- अक्षरं बरोबर आहेत, पण तीन ओळींचा मजकूर पाच ओळींत गेलाय आणि शेवटची ओळ चौकटीच्या किंवा स्लाइडच्या बाहेर लोंबतेय.
- शीर्षकात "नागपूर" होतं, तिथं `ukxiwj` असं काहीतरी रोमन दिसतंय.
- "शेतकऱ्यांना" लिहिलं होतं, ते "शेतकर्यांना" झालंय.
- चार क्लिकवर एकेक करून येणारे मुद्दे पहिल्याच क्लिकला सगळे येतात, किंवा स्लाइड उघडली की आधीच हजर असतात.
- व्हिडिओच्या जागी नुसतं चित्र आहे. कितीही दाबा, चालत नाही.
- तुमच्या लॅपटॉपवर व्हिडिओ चालतो, पण ज्यांना लिंक पाठवली त्यांच्याकडे चालत नाही.
- फाइल ड्राइव्हवर चढली, उघडलीही. पण गूगल स्लाइड्समध्ये बदलायला गेलं की नकार मिळतो.

सीताबर्डीला माझं टायपिंग आणि प्रेझेंटेशनचं काम चालतं. पीपीटी दुरुस्तीला येतात त्या बहुतेक कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, आणि सोबत हेच वाक्य असतं: "भाऊ, घरी तर सगळं बरोबर होतं, इथंच काहून बिघडलं?" घरी बरोबर होतं, कारण घरच्या मशीनवर फॉन्ट होते, व्हिडिओची फाइल होती आणि पॉवरपॉइंट होतं. ब्राउझरमध्ये या तिन्हींपैकी एकही सोबत येत नाही. म्हणून स्लाइड्समध्ये उघडून एकेक चौकट ओढत बसण्याआधी खालच्या क्रमानं जा. पहिल्या दोन तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटांच्या वर वेळही लागत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच फाइल धरतो. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांची प्रशिक्षणाची पीपीटी होती. ४६ स्लाइड, १३८ एमबी. शीर्षकं जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये, आतला मजकूर युनिकोडमध्ये, अंबिया आणि मृग बहाराचं वर्षचक्र ॲनिमेशननं दाखवलेलं, आणि फवारणीचा एक व्हिडिओ. वर दिलेली जवळजवळ सगळी लक्षणं त्या एका फाइलमध्ये होती.

पहिली तपासणी: तुम्ही नेमकं काय बघताय?

ड्राइव्हवर चढवलेली पीपीटी तीन रूपांत दिसू शकते आणि तिन्ही रूपं सारखी नसतात. फाइलवर क्लिक करून नुसती झलक बघणं हे एक. ती स्लाइड्समध्ये उघडली, पण नावाशेजारी `.PPTX` असा बिल्ला दिसतोय, हे दुसरं. इथं फाइल अजून पॉवरपॉइंटचीच आहे, फक्त संपादन ब्राउझरमध्ये होतंय. तिसरं म्हणजे `File > Save as Google Slides` करून झालेली खरी गूगल स्लाइड्सची प्रत, जी मूळ फाइलशेजारी वेगळी तयार होते.

हे आधी बघायचं कारण असं की लोक झलक बघून "सगळं ठीक आलं" म्हणतात आणि कार्यक्रमात तिसरी प्रत उघडतात. किंवा उलट होतं: बिल्ला असलेल्या फाइलमध्ये तासभर दुरुस्ती करतात आणि मग रूपांतर करतात, तेव्हा मांडणी पुन्हा हलते. कार्यक्रमात जी प्रत चालणार, तीच तपासा. आणि पुढे ती फाइल पॉवरपॉइंट असलेल्याच माणसाकडे जाणार असेल, ब्राउझरमध्ये फक्त दोन ओळी बदलायच्या असतील, तर रूपांतर करूच नका. बिल्ल्यासकट राहू द्या. निम्मी कटकट तिथंच टळते.

याच वेळी दुसरं एक काम करून ठेवा. ज्या मशीनवर फाइल बरोबर दिसते, त्याच मशीनवर पॉवरपॉइंटमधून तिची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, त्यामुळे मूळ कसं होतं याचा पुरावा तुमच्या हातात राहतो. नंतर स्लाइड्स आणि पीडीएफ शेजारी ठेवून मिळवता येतं. हे दुसऱ्या मशीनवर करून उपयोग नाही. तिथं फॉन्ट नसतील तर पीडीएफही बिघडलेलीच निघेल. पीडीएफ नसेल तर "इथं काय लिहिलं होतं?" हे विचारायला मूळ माणसाला शोधावं लागतं, आणि तो नेमका गावाला गेलेला असतो.

दुसरी तपासणी: मराठी युनिकोड आहे की जुन्या फॉन्टची?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे, आणि तिला एक मिनिट लागतं. पॉवरपॉइंटमध्ये शीर्षकाची एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. `ukxiwj` सारखं काही दिसलं तर मजकूर कधी मराठी नव्हताच. फाइलमध्ये रोमन अक्षरंच साठवलेली होती आणि कृतिदेव, शिवाजी किंवा तसल्या फॉन्टनं त्यांच्यावर मराठी आकार चढवले होते. कृतिदेवमध्ये `u` ला न, `k` ला काना, `x` ला ग, `i` ला प, `w` ला दीर्घ ऊकार आणि `j` ला र काढलेला असतो. फॉन्ट गेला की खालची रोमन उघडी पडते.

एका शीर्षकावर थांबू नका. शीर्षक, आतला मजकूर, एखादं कोष्टक, आलेखाखालच्या ओळी आणि तळटीप अशा चार-पाच ठिकाणांहून ओळ उचलून बघा. पीपीटी सहसा अनेक हातांतून गेलेली असते आणि प्रत्येक हातानं आपापला फॉन्ट वापरलेला असतो. काटोलच्या फाइलमध्ये शीर्षकं आणि दोन कोष्टकं तेवढी कृतिदेवमध्ये होती, बाकी सगळं युनिकोड होतं.

हा भेद का करायचा, तर दोन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत. युनिकोड मजकुराला फक्त दुसरा फॉन्ट लावायचा असतो. जुन्या फॉन्टच्या मजकुराला कुठलाही नवा फॉन्ट लावा, तो रोमनच राहणार. तिथं अक्षरंच बदलावी लागतात. "फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करून पाठवला होता" असं बरेच जण सांगतात. पॉवरपॉइंटमध्ये ती सोय आहे, पण गूगल स्लाइड्स तो फॉन्ट वापरत नाही. तिथं बाहेरून स्वतःचा फॉन्ट चढवताही येत नाही. गूगल फॉन्ट्सच्या संग्रहातलेच आणि स्लाइड्सच्या यादीत आधीपासून असलेलेच फॉन्ट चालतात.

तिसरी तपासणी: युनिकोड मजकुराचा फॉन्ट

पॉवरपॉइंटमध्ये `Home > Replace > Replace Fonts` उघडा. वरच्या चौकटीत या फाइलमध्ये वापरलेल्या फॉन्टची यादी येते. ती कागदावर उतरवून घ्या. विंडोजवर मराठीसाठी बहुधा मंगल, निर्मला, कोकिळा, अपराजिता किंवा उत्साह यांपैकी काहीतरी असतं. हे फॉन्ट गूगलच्या संग्रहात नाहीत, म्हणजे स्लाइड्स त्यांच्या जागी दुसरं काहीतरी लावणार. अक्षरं वाचता येतील, पण प्रत्येक फॉन्टची रुंदी आणि ओळीची उंची वेगळी असल्यामुळे ओळी तुटतील.

इथं एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. यादीत फक्त कॅलिब्री दिसतं. कॅलिब्री स्लाइड्समध्येही आहे. मग मराठी का हलली? कारण कॅलिब्रीमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. पॉवरपॉइंटच्या थीममध्ये कुठल्या लिपीला कुठला फॉन्ट लावायचा याची एक तक्ता-यादी असते आणि ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये ती ओळ अशी असते:

```
<a:font script="Deva" typeface="Mangal"/>
```

म्हणजे तुम्ही कॅलिब्री निवडलंत तरी पडद्यावरची मराठी मंगलची होती. ब्राउझरमध्ये तिथं मंगल नसतो, दुसरा देवनागरी फॉन्ट येतो. त्यामुळे वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव काय दिसतं यावर जाऊ नका. पीडीएफ शेजारी ठेवून "अ", "झ" आणि "ण" यांची वळणं जुळतात का ते बघा.

औषध स्लाइड्समध्ये करायचं नाही, पॉवरपॉइंटमध्येच करायचं. गूगल फॉन्ट्सवरून देवनागरी असलेला एक फॉन्ट उतरवून आपल्या विंडोजवर बसवा. आतल्या मजकुरासाठी मी `Mukta` किंवा `Noto Sans Devanagari` घेतो, कारण दोन्हींत सडपातळपासून ठळकपर्यंत पुरेशी वजनं आहेत आणि जोडाक्षरं स्वच्छ येतात. पुस्तकी वळण हवं असेल तर `Tiro Devanagari Marathi` चांगला आहे, पण त्याला ठळक वजन नाही, म्हणून शीर्षकाला कमी पडतो. फॉन्ट बसवला की पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडा, `Replace Fonts` मधून जुन्याच्या जागी नवा लावा. मग मराठी ओळीवर येऊन बघा. रोमन बदललं पण मराठी तशीच राहिली, असं दिसलं तर चौकट निवडून `Home` मधून फॉन्ट हातानं लावा. ओळी जिथं तुटतील तिथं चौकटी इथंच रुंद करा. आता दोन्हीकडे तोच फॉन्ट आहे, म्हणून चढवल्यावर मांडणी फारशी हलत नाही. याच्या उलट, स्लाइड्समध्ये जाऊन ४६ स्लाइड हातानं सारख्या केल्या आणि पुढच्या महिन्यात मूळ पीपीटी बदलली, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

फॉन्ट बरोबर असूनही एखादीच चौकट बाहेर वाहत असेल, तर स्लाइड्समध्ये ती चौकट निवडून `Format options > Text fitting` बघा. पॉवरपॉइंट मजकूर मावेनासा झाला की गुपचूप त्याचा आकार आवळतं. तुम्हाला २४ वाटतो तो मजकूर प्रत्यक्षात १९-२० चा असतो. रूपांतरात हा आवळा सुटू शकतो. तिथं `Shrink text on overflow` लावता येतं, पण मला ते फारसं पटत नाही. एका स्लाइडवरचा मजकूर मोठा आणि शेजारच्या स्लाइडवरचा बारीक असं दिसतं. मजकूर दोन स्लाइडांत वाटणं बरं.

"शेतकऱ्यांना" या शब्दाकडे मुद्दाम बघा. हा र आडव्या रेघेसारखा लिहायला दोन पद्धती आहेत: एक खालच्या टिंबाच्या ऱ ने, दुसरी र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दुसऱ्या पद्धतीत ते न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये किंवा रूपांतरात गळलं की रफार चढतो आणि "शेतकर्यांना" होतं. स्लाइड्समध्ये `Ctrl+H` उघडा, बिघडलेला शब्द शोधून ऱ वापरलेला शब्द त्याच्या जागी टाका. पण नुसतं "र्य" शोधून सगळीकडे बदलू नका. नाहीतर "कार्य", "सूर्य" आणि "पर्याय" यांची वाट लागेल. पूर्ण शब्दच द्या: शेतकर्यां, दुसर्या, वार्या, खर्या.

चौथी तपासणी: जुन्या फॉन्टचा मजकूर

ही वेळखाऊ आहे, म्हणून फक्त दुसऱ्या तपासणीत रोमन निघालं असेल तरच करा. कृतिदेवमधून युनिकोड करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. पण प्रत्येक जुन्या फॉन्ट-कुटुंबाचा नकाशा वेगळा असतो. शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला तर मराठीसारखं दिसणारं निरर्थक काहीतरी मिळतं. म्हणून आधी पॉवरपॉइंटमध्ये त्या ओळीवर क्लिक करून फॉन्टचं नेमकं नाव लिहून घ्या आणि त्याच नावाचा कन्व्हर्टर वापरा.

मजकूर चौकटी-चौकटीनं न्या, पूर्ण स्लाइड एकदम नको. कारण एकाच चौकटीत मराठी कृतिदेवमध्ये आणि औषधाचं नाव इंग्रजीत असू शकतं. कन्व्हर्टरला हा फरक कळत नाही, तो इंग्रजी नावाचीही "मराठी" करून टाकतो. काटोलच्या फाइलमधल्या दोन कोष्टकांत हेच होतं: औषधांची नावं आणि मात्रा इंग्रजीत, बाकी कृतिदेव. तिथं इंग्रजी रकाने बाजूला ठेवून फक्त मराठी रकाने बदलले.

बदललेला मजकूर पीडीएफशी शब्दन् शब्द मिळवा. बिघाड सहसा क्ष, ज्ञ, श्र, रफार, पहिल्या वेलांटीची जागा आणि ऱ्य इथं होतो. आकडेही तपासा. पाण्यात मिसळायच्या औषधाची मात्रा, तारीख, फोन नंबर यांपैकी एक आकडा जरी हलला तरी मजकूर व्याकरणानं शुद्ध दिसतो आणि माहिती चुकते. म्हणून मात्रांचा रकाना दोघांनी मिळून बघावा: एकानं पीडीएफवरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं स्लाइडवर बोट ठेवायचं.

पाचवी तपासणी: ॲनिमेशन

पॉवरपॉइंटमध्ये `Animations > Animation Pane` उघडा आणि प्रत्येक स्लाइडची यादी बघा. गूगल स्लाइड्सकडे मोजकेच प्रकार आहेत: दिसणं, नाहीसं होणं, हळूच उमटणं आणि विरणं, चारही बाजूंनी आत येणं आणि बाहेर जाणं, झूम, आणि गोल फिरणं. सुरुवात तीनच प्रकारे होते: क्लिकवर, आधीच्यासोबत किंवा आधीच्यानंतर. मुद्दे एकेक करून आणायची सोय आहे; त्यासाठी `By paragraph` या खुणेवर टिक लागते. "माझे मुद्दे एकदम येतात" या तक्रारीत सगळ्यात आधी तीच टिक बघा. उजवीकडच्या हालचालींच्या पट्टीत ती असते, आणि बऱ्याचदा काम तेवढ्यावर भागतं.

जे बसत नाही ते म्हणजे आखलेल्या वाटेवरून सरकणारी वस्तू, एका चित्रावर दाबलं की दुसरं उघडणारे ट्रिगर, आलेखातला एकेक स्तंभ वेगळा येणं, आणि दोन स्लाइडांमधला मॉर्फ. यांना स्लाइड्समध्ये जोडीदारच नाही. ते गळतात, नाहीतर साध्या प्रकारात बदलतात. कुठलीही सेटिंग बदलून ते परत येत नाहीत, म्हणून तिथं शोधत वेळ घालवू नका.

मग प्रत्येक हालचालीला एकच प्रश्न विचारा: ही काढली तर सांगायचं काही राहून जातं का? शीर्षक उडत येतं ते सोडून द्या. पण काटोलच्या फाइलमधलं वर्षचक्र तसं नव्हतं. बारा महिन्यांचं वर्तुळ होतं आणि त्यावरून एक बाण आखलेल्या वाटेनं फिरायचा. अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळांची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाची फुलं जून-जुलैत, तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. एका बहाराची तोडणी आणि दुसऱ्याची फुलं फेब्रुवारीत एकमेकांवर येतात, हे त्या बाणामुळे शेतकऱ्यांना दिसत होतं. स्लाइड्समध्ये बाण डिसेंबरवर थिजून राहिला आणि चित्र पाहून कुणालाच काही कळलं नसतं.

अशा ठिकाणी हालचाल पुन्हा घडवायची नाही; तिचे टप्पे वेगळे करायचे. ती स्लाइड `Ctrl+D` ने चार वेळा वाढवली, म्हणजे एकूण पाच झाल्या. पहिलीवर नुसतं वर्तुळ. दुसरीवर अंबियाच्या फुलांचे महिने नारंगी. तिसरीवर त्याच्या तोडणीचे महिने गडद. चौथीवर मृगाची फुलं हिरव्या रंगात. पाचवीवर मृगाची तोडणी, आणि फेब्रुवारीच्या खणावर दोन्ही रंग अर्धे-अर्धे. क्लिक पूर्वीइतकेच राहिले, आणि उलट एक फायदा झाला: शेतकऱ्यानं मध्येच प्रश्न विचारला तर मागच्या बाणानं एक टप्पा मागे जाता येतं. स्लाइड वाढवताना वर्तुळ जागचं हलू देऊ नका, नाहीतर पुढे जाताना ते थरथरल्यासारखं दिसतं. यासाठी आधी सगळं नीट लावून घ्या, मग प्रती काढा. प्रत काढल्यावर फक्त रंग बदला.

शेवटी स्लाइड शो लावून क्लिक मोजा. मूळ पीपीटीत सातव्या स्लाइडला चार क्लिक होते आणि इथं तीन लागले, तर कुठेतरी "आधीच्यानंतर" लागलंय. बोलणाऱ्याचा ताल इथंच चुकतो.

सहावी तपासणी: व्हिडिओ आणि आवाज

आधी व्हिडिओ फाइलमध्ये आहे का ते बघा. पीपीटीची एक प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट `.pptx` ऐवजी `.zip` करा आणि उघडा. आत `ppt/media` या फोल्डरमध्ये सगळी चित्रं, आवाज आणि व्हिडिओ असतात. तिथं व्हिडिओ नसेल तर तो फक्त जोडलेला होता; मूळ फाइल कुणाच्या तरी संगणकावर पडली आहे आणि ती मिळाल्याशिवाय पुढे काही होणार नाही. त्याच फोल्डरमध्ये आकारमानही दिसतं. काटोलच्या १३८ एमबीपैकी १०९ एमबी एकटा फवारणीचा व्हिडिओ होता.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण गूगल स्लाइड्समध्ये बदलायच्या सादरीकरणाला १०० एमबीची मर्यादा आहे. ड्राइव्ह मोठी फाइल ठेवून घेतं, म्हणून चढवताना कळत नाही, बदलताना अडतं. पॉवरपॉइंटच्या `File > Info > Compress Media` नं व्हिडिओ लहान होतो, पण एवढ्यासाठी ते करू नका. नाहीतरी स्लाइड्समध्ये व्हिडिओ वेगळाच जोडायचा आहे, मग दर्जा कशाला घालवायचा? पीपीटीत व्हिडिओवर उजवं क्लिक करून `Save Media as` नं तो बाहेर काढा, स्लाइडवरून पुसा, त्या जागी एक साधी रिकामी चौकट ठेवा म्हणजे जागा आणि माप लक्षात राहतं. फाइल २९ एमबीवर आली आणि विनातक्रार बदलली.

व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा आणि थोडं थांबा. चढल्यावर ड्राइव्ह त्याची चालवण्याजोगी आवृत्ती तयार करतं आणि मोठ्या व्हिडिओला वेळ लागतो. लगेच घातला आणि चालला नाही म्हणून फाइल खराब ठरवू नका. मग स्लाइड्समध्ये `Insert > Video` मधून ड्राइव्हवरचा तो व्हिडिओ निवडा आणि रिकाम्या चौकटीच्या मापाचा करा. पॉवरपॉइंटमध्ये कापून छोटा केलेला असेल, तर `Format options > Video playback` मध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ पुन्हा भरा. क्लिकवर चालू करायचा की आपोआप, तेही तिथंच ठरतं.

आता ती नेहमीची तक्रार: माझ्याकडे चालतो, त्यांच्याकडे नाही. सादरीकरणाची परवानगी आणि व्हिडिओची परवानगी वेगवेगळी असते. सादरीकरण सगळ्यांना दिलं तरी आतला व्हिडिओ ड्राइव्हवर तुमच्याच नावानं बंद असू शकतो. व्हिडिओवर जाऊन `Share` मध्ये तोच गट किंवा `Anyone with the link` लावा. आणि तपासायचं ते स्वतःच्या खात्यातून नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, लॉगिन न करता, लिंक टाकून बघा.

आवाजाचं तंत्र तसंच आहे. ड्राइव्हवर एमपी३ किंवा वेव्ह फाइल चढवायची आणि `Insert > Audio` नं घालायची. पण प्रत्येक स्लाइडला वेगळ्या वेळेनं बांधलेलं रेकॉर्डेड निवेदन असेल, तर ते तसंच्या तसं मिळणार नाही. स्लाइड्समध्ये आपोआप पुढे जाण्याचा वेळ सगळ्या स्लाइडांना एकच असतो. अशा फाइलचा पॉवरपॉइंटमधूनच `File > Export > Create a Video` करा आणि तो व्हिडिओ दाखवा.

ड्राइव्हवरचा व्हिडिओ इंटरनेटशिवाय चालत नाही. तालुक्याच्या सभागृहात, तेही दुपारी वीज गेलेली असताना, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवू नका. काटोलच्या कार्यक्रमासाठी तोच व्हिडिओ पेनड्राइव्हवर वेगळा दिला होता आणि त्या स्लाइडवर बारीक अक्षरात फाइलचं नावही लिहून ठेवलं होतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

जुन्या फॉन्टच्या दहा-बारा ओळी असतील तर घरी करा. पन्नास स्लाइड आणि कोष्टकंही कृतिदेव किंवा श्री-लिपीत असतील, तर मराठी डीटीपी करणाऱ्या माणसाकडे द्या. त्याच्याकडे त्या कुटुंबाचा कन्व्हर्टर असतो आणि रफार कुठे हलतो हे त्याच्या नजरेत बसलेलं असतं. देताना पीडीएफ जरूर द्या, नाहीतर तोही अंदाजानं करील. आणि औषधाच्या मात्रा, परीक्षेचे प्रश्न, कायद्याची कलमं असा मजकूर असेल तर डीटीपीनंतरही विषय जाणणाऱ्यानं एकदा वाचलाच पाहिजे. अक्षरं जुळवणाऱ्यावर ती जबाबदारी टाकू नका.

फाइल `.pptm` असेल, म्हणजे तिच्यात मॅक्रो असतील, किंवा ट्रिगरवर चालणारी प्रश्नमंजूषा असेल, तर थांबा. ती स्लाइड्समध्ये नव्यानं बांधावी लागते आणि ते प्रोग्रामिंग जाणणाऱ्याचं काम आहे. त्याआधी आयोजकांना विचारा की पॉवरपॉइंट असलेला लॅपटॉप चालेल का. बऱ्याचदा चालतो, आणि मग यातलं काहीच करावं लागत नाही.

`ppt/media` मधला व्हिडिओ तिथूनच वेगळा काढून संगणकावर चालवून बघितला आणि तिथंही तो चालत नसेल, तर बिघाड रूपांतरात नाही, व्हिडिओतच आहे. ज्यानं चित्रीकरण केलं त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. ती नसेल तर व्हिडिओ एडिटिंगवाल्याला दाखवा, पण मूळ पीपीटी त्याच्याकडे देऊ नका, फक्त व्हिडिओची प्रत द्या. आणि पीपीटीच उघडताना `Repair` विचारत असेल तर आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवा, दुरुस्ती त्या प्रतीवरच करा आणि दुरुस्तीनंतर स्लाइडांची संख्या मोजा. कमी भरली तर तिथंच हात थांबवा आणि डेटा परत मिळवणाऱ्या माणसाला गाठा. अशा फाइलवर वारंवार सेव्ह केल्यानं उरलेलंही जातं.